अमिनाचे नरम बूट

स्टोअर सांभाळणारी बाई वस्तू वाटते असं लोकांना वाटतं. वस्तू न वाटणं हेच तिचं खरं काम आहे. मूल गावच्या राईस मिलांमधून निघणारं तूस जाळून वीज करणारा आमचा कारखाना, त्याच्या स्टोअरच्या खिडकीत मी बसायची, आणि खिडकीशी येणाऱ्या प्रत्येक माणसाकडे हा नक्की काहीतरी हरवून आला असणार अशा नजरेनं बघायची. हातमोजे मागायला आलेल्याला मी आधी जुने दाखवायला लावायची. माझ्या मागे मला काय म्हणत ते मला ठाऊक होतं, आणि ते मला आवडायचंही.

अमिना या खिडकीशी फार कमी यायची. ती ठेकेदाराच्या चार सफाईवाल्या बायांपैकी एक. बारीक अंगाची, पन्नाशीला टेकलेली, मूलच्या बाजारामागच्या मोहल्ल्यात राहणारी. या चौघींकडे पाणी प्लांटची सफाई होती. बॉयलरला विहिरीचं पाणी तसंच दिलं तर नळ्यांत आतून क्षाराची खपली धरते, म्हणून आधी ते पाणी दोन उंच टाक्यांतून गाळून क्षार काढायचे. टाक्यांतला क्षार धरणारा माल थकला की एक टाकी ॲसिडनं आणि दुसरी कॉस्टिक सोड्याच्या पाण्यानं धुवायची. पंपाच्या सांध्यांतून थेंब गळत, नालीच्या काठाला पांढरे डाग धरत, आणि ती फरशी रोज घासून धुणं हे या बायांचं काम. तिथे चपलेनं पाऊल टाकायची कोणाची हिंमत नव्हती. प्रत्येकीला काळे रबरी गमबूट दिलेले होते आणि बुटाच्या तोंडावरून खाली लोंबेल असा लांब ॲप्रन.

बूट कसले घ्यायचे ते आमच्या केमिस्टनं ठरवलं होतं. लोकेश साहेब म्हणजे रोज चंद्रपूरहून बसनं येणारा तरुण पोरगा. साहेब म्हणायचं ते खुर्चीला. त्यानं मला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, की चामडी बूट तिथे अजिबात द्यायचे नाहीत. चामडं कॉस्टिक पिऊन बसतं, वरून कितीही धुवा, आतलं पायाला लागत राहतं. रबराचं तसं नाही. आमच्या इथल्या ॲसिडला आणि कॉस्टिकला रबर चांगलं टिकतं, धुतलं की साफ होतं. "पण बाई, रबराले बी वय असते," तो म्हणाला होता. "उन्हात ठेवलं तं तडकते, वाकवून कोंबलं तं घडीवर फाटते. तारीख पाहून फेकायचं नाई, बूट पाहून फेकायचं." म्हणून मी बुटांच्या आत रंगानं नावं घातली, त्यांना सावलीतली एक फळी दिली, आणि कोणी उन्हात वाळत घातलेले दिसले की तोंड सोडायची.

बाकी तिघींचे बूट सहज वर्ष काढायचे. अमिनाचे दिवाळीला दिलेले होळीपर्यंत गेले. मी कुरकुर करत दुसरे दिले. तेही भाताच्या रोवणीचे दिवस येईतो बिघडायला लागले.

गंमत म्हणजे दिसायला तिचेच बूट सगळ्यांत चांगले होते. बाकीच्यांचे धुळकट, चुनखडीचे ओघळ सुकलेले. अमिनाचे काळेभोर, त्यात तोंड दिसावं. सोबतीण अन्नपूर्णा तिला चिडवायची, "हे पाहा, राणीसाहेब आल्या जोडे घालून." अमिना नुसती हसायची. दर शनिवारी ती ते बूट पिशवीत घालून घरी न्यायची. "घरी धुवून आणते बाई," एवढंच म्हणायची. गेटवालाही अडवायचा नाही. स्वच्छतेला कोण अडवणार.

मग एका सकाळी, बाहेर पावसाची झड लागलेली असताना, अन्नपूर्णा माझ्या खिडकीशी आली. बूट मागायला आली असेल म्हणून मी तयारीतच होते.

"नीलाबाई, एक विचारू? अमिना चालते ना, तिच्या पावलामागं फेस निघते."

"कसला फेस?"

"साबणाचा असते तसा. ओल्या फरशीवर. आमच्या पावलाले नाई निघत."

मी तिला म्हटलं, तुला दुसरी कामं नाहीत का. साबण आम्ही त्या फरशीवर वापरतच नव्हतो, नुसतं पाणी. पण ती गेल्यावर मला काही चैन पडेना. जेवणाच्या सुट्टीआधी मी मुद्दाम पाणी प्लांटच्या दारात जाऊन उभी राहिले. तेव्हा अमिना नालीजवळ उकिडवी बसली होती आणि उजवा बूट ओढून काढत होती.

"काय झालं गं?"

"काई नाई बाई. आतमधी ओलं ओलं लागते. घाम असन."

"घामानं बोटं घसरतात का?"

"तसंच लागून राह्यलं. साबण लावल्यावानी."

तिचा पाय बाहेर आला तेव्हा मला काय ते कळलं. बोटांच्या बेचक्यांतली कातडी पांढरी पडून सुरकुतली होती, आणि तिनं अंगठा चोळला तर बोट सुळकन निसटलं. कॉस्टिकचं हेच वाईट. ॲसिड पडलं तर माणूस ओरडतो, उडी मारतो, धावत नळाखाली जातो. कॉस्टिक आधी नुसतं गुळगुळीत लागतं, आणि माणूस घाम समजून काम करत राहतो. मी लोकेश साहेबाला हाक मारली. त्यानं तिला उचलल्यासारखं करून नळाखाली बसवलं आणि धार चालू ठेवली. बराच वेळ ठेवली. अमिना म्हणत होती, पुरे झालं, थंडी वाजते, आणि तो एकच म्हणत होता, नाही. मी दोघांवरही डाफरत होते. मला भीती वाटली की मी डाफरते.

जखम खोल नव्हती. डॉक्टरनं मलम दिलं, पाय कोरडा ठेवायला सांगितला. पण ठेकेदार वारलू त्याच संध्याकाळी स्टोअरवर आला. माणूस वाईट नव्हता, पण दुसऱ्याचा पाय भाजला की त्याला आधी स्वतःचा ठेका दिसायचा.

"बाई, साऱ्यायचे बूट टिकतात, हिचेच काऊन फाटतात? रोवण्यात घालून जाते ही. नाई तं कोणाले तरी देते."

"हिला शेत आहे का?"

"नाई. पण देत असन कोणाले. मले असं माणूस त्या फरशीवर नको. काई झालं तं माह्यावर येते."

आता हे ऐकून मी वारलूला चांगलं सुनवायला हवं होतं आणि सुनवलंही. पण लोकेश साहेबही त्याच्याच बाजूला गेला, फक्त कारण निराळं. तो म्हणाला, बूट कशानं गेले ते कळल्याशिवाय मी तिला तिसरा जोड घालून तिथे उभी करणार नाही. तो जोडही असाच गेला आणि त्या दिवशी पंपाची नळी सुटली तर? कारण कळेपर्यंत तिनं घरी राहावं. वारलू म्हणाला, आठवडाभर थांबतो, मग दुसरी बाई आणतो. अमिनाच्या घरात कमावणारी ती एकटी होती हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

लोकेश साहेबानं तिचे बूट माझ्या टेबलावर ठेवले आणि शेजारी त्याच नंबरचे कोरे. मी आजवर हे दोन्ही असे शेजारी ठेवून पाहिले नव्हते. अमिनाचा बूट कोऱ्यापेक्षा बोटभर लांब झाला होता. जाडीही वाढलेली. हाताला मऊ, थोडा चिकट. पुढच्या घडीवर, जिथे पाय वाकतो तिथे, त्यानं दोन्ही हातांनी बूट मोडून धरला तेव्हा एक बारीक भेग तोंड उघडून बसली. तळवा आणि वरचा भाग जुळतो तिथेही नख शिरत होतं.

"फुगलं हे रबर," तो म्हणाला. "ॲसिड-कॉस्टिकनं असं नाई फुगत. हे तेलाचं काम. रबर तेल पिते, फुगते, नरम पडते, आन मंग त्यात जोर राहात नाई. जरा वास घेऊन पाहा बाई."

मी घेतला. मोहाच्या बियांच्या तेलाचा तो ओळखीचा जड वास. आमच्या भागात लहानपणी ज्याच्या डोक्याला, दिव्याला, भाजीला ते तेल लागलं नाही असा माणूस विरळा. अन्नपूर्णाच्या फेसाचं कोडंही तिथेच सुटलं. तेल आणि कॉस्टिक एकत्र आले की साबणच होणार. आमच्या गावात तर बाया मोहाच्या तेलाचा साबण घरी करायच्या.

दाराशी बसलेल्या अमिनाला विचारलं तर ती खाली मान घालून म्हणाली, "घरी धुते बाई." बस, त्यापुढे एक अक्षर नाही. मला भयंकर राग आला. पाय हिचे, नोकरी हिची, आणि तोंड उघडायला हिला जड. म्हणून रविवारी मी तिच्या घरी जायचं ठरवलं. भांडायलाच गेले होते, खोटं कशाला सांगू.

दार उघडंच होतं. अमिनाचा नवरा रहीमभाऊ ओसरीवर बोऱ्या टाकून बसला होता. एकेकाळी मूलच्या बाजारात त्याचं चामडी जोड्यांचं दुकान होतं. शेतकऱ्यांचे जोडे तोच शिवायचा, माझ्या वडिलांचेही त्यानंच शिवलेले. मग त्याला लकवा मारला. डावा हात कोपरापासून लटकता झाला आणि दुकान गेलं. हे सगळं मला माहीत होतं. तो आता दिवसभर काय करतो हे मात्र मी कधी विचारलं नव्हतं.

त्यानं दोन्ही गुडघ्यांत एक लहान काळा बूट दाबून धरला होता. होळीला गेलेल्या पहिल्या जोडातला तो, निकामी झाल्यावर अमिनानं घरी ठेवलेला. शेजारी वाटीत कोमट तेल, त्यात मेणाचा तुकडा विरघळवलेला. उजव्या हाताच्या अंगठ्याला कापड गुंडाळून तो बुटावर तेल मुरवत होता. घडीवर जास्त, टाचेवर जास्त, शिवणीच्या कडेनं सावकाश. रबरी बुटाला शिवण नसते, पण त्याचा हात जिथे शिवण असायला हवी तिथून फिरत होता.

"या नीलाबाई," तो म्हणाला. "बसा. अमिना, चहा ठेव. पाहा, मायच्या कंपनीनं कसे कडक बूट देल्ले हिले. पायाले चावत होते. म्हटलं थांब. आठवड्याले एक डाव तेल पाजलं तं कसं मानते पाहा." त्यानं बूट माझ्यापुढे वाकवून दाखवला. बूट खरंच कापडासारखा वाकला. "नवा जोड देल्ला ना, तं त्यालेबी असंच करीन. तिची टाच फुटते हिवाळ्यात."

मी भांडायला आले होते. माझ्या जिभेवर तयार असलेलं वाक्य मी चहाबरोबर गिळलं. अमिना चुलीपाशी उभी राहून माझ्याकडे बघत होती. माझ्या आयुष्यात कोणी माझ्याकडे इतकं विनवून बघितलं नसेल. मी चहा पिऊन उठले.

ती गल्लीच्या तोंडापर्यंत मागे आली. पाय अजून दुखत होता, लंगडत आली.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"तुमी त्या दिवशी बुटाचा वास घेतला ना, तवा समजलं. त्याच्या आधी नाई."

"मग बोलली का नाहीस?"

"त्यायले सांगू नका बाई. पाय जळला म्हणून बी सांगितलं नाई मी. गरम पाणी पडलं म्हटलं. साऱ्या आठवड्यात हे एकच काम हाय त्यायच्या हाताले. शनिवार आला की दुपारपासून वाटी घासून बसतात. मी काय म्हणू त्यायले, तुमच्या तेलानं जळला?"

"आणि नोकरी गेली तर?"

"जाऊ द्या."

जाऊ द्या म्हणणारी ती कोण मोठी. घरातला तांदूळ मी पाहिला नव्हता, पण डब्याचं झाकण उघडताना आवाज किती पोकळ आला ते ऐकलं होतं. त्या रात्री मला तिची इतकी चीड आली आणि इतकी माया वाटली की दोन्ही वेगळं करता येईना.

सोमवारी मी लोकेश साहेबाला गाठलं. मला एक युक्ती सुचली होती आणि मी तिच्यावर खूश होते.

"साहेब, तेल न पिणारे बूट मिळतात का?"

"मिळतात. नायट्राइल म्हणून एक रबर असते, ते तेलाले दाद देत नाई. कॉस्टिकले बी चालते. नागपूरहून मागवावे लागतीन. प्लास्टिकचे, पीव्हीसीचे बी साध्या रबरापेक्षा बरे, पण रोज तेल लावलं तं ते बी पुढं कडक होऊन तडकतीन."

"मग नायट्राइलचे मागवा. मी मालकाशी बोलते. बूट बदलले की तेल लावलं काय नि न लावलं काय."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी सगळी गोष्ट सांगितली नव्हती, पण तो मूर्ख नव्हता. त्यानं एका काचेच्या बशीत कॉस्टिकचं कोमट पाणी ओतलं, त्यात मोहाच्या तेलाचे थेंब टाकले आणि काडीनं ढवळत बसला. बशीत पांढुरका फेस धरला.

"बूट वाचन बाई. पण हे त्याच्या तळव्याखाली राहीन. ओल्या फरशीवर तेल आन साबण, आन हाताच्या अंतरावर ॲसिडची टाकी. पाय घसरला तं तोंडावर पडन ती. कोणताच बूट असा नाई की ज्याले तेल लावून तिथी चालता येईन."

माझी युक्ती बशीतच संपली. रहीमभाऊला सांगण्यावाचून मार्ग नव्हता. पण कसं? माझं बोलणं म्हणजे दगड मारणं, हे मला मान्य आहे. तेव्हा लोकेश साहेबानं अन्नपूर्णाच्या जुन्या फाटक्या बुटाच्या तीन पट्ट्या कापल्या. एक पाण्यात, एक कॉस्टिकमध्ये आणि एक मोहाच्या तेलात बुडवून ठेवली. वारलूला मी म्हटलं, आणखी एक आठवडा थांब, आणि आधी त्या पंपाचे सांधे बदल. तो थांबला. सांधेही बदलले, ते मात्र मी रोज टोचल्यावर.

पुढच्या रविवारी पट्ट्या धुवून, पुसून, रुमालात गुंडाळून मी पुन्हा त्या ओसरीवर बसले. अमिनाला मी आधी काही सांगितलं नाही. तिनं थांबवलं असतं.

"रहीमभाऊ, तुमच्या हाताला कळेल म्हणून आणलं. या तीन पट्ट्या एकाच बुटाच्या आहेत. बघा."

त्यानं पहिली घेतली, अंगठा फिरवला, ओढली. दुसरी घेतली. "हे दोन्ही सारखेच हायेत."

"दुसरी कॉस्टिकमध्ये होती. आठवडाभर."

"काईच झालं नाई तिले." त्याला कौतुक वाटलं. मग त्यानं तिसरी घेतली. ती लांबीला आणि जाडीला वाढलेली, बोटांत लिबलिबणारी. त्यानं एक टोक दातांत धरलं, दुसरं हातानं ओढलं, आणि ती ताणून मधून तुटली. तुटलेली कड तो बघत राहिला.

"हे कायच्यात होतं?"

मी रुमालाची घडी घातली. त्यानं तुकडा नाकाशी नेला. आतल्या खोलीत अमिनाच्या हातातलं भांडं थांबलं.

"नरम होये ना," तो म्हणाला. "मले वाटे, बूट मानला. चामडं मानते तसा. नरम झाला की मी खुश होओ." मग त्यानं मान वळवली. "अमिना. पाय दाखव."

"काऊन जी, भात लागन खाली."

"पाय दाखव."

ती आली आणि उंबऱ्यावर बसून तिनं पाय पुढे केला. बोटांच्या बेचक्यांत नवी गुलाबी कातडी आली होती. त्यानं तो पाय चांगल्या हातात घेतला. बेचक्यांवरून अंगठा फिरवला. मी उठले आणि चप्पल शोधायला लागले, कारण तिथे माझं काम उरलं नव्हतं.

सोमवारी मी लोकेश साहेबाला आणि त्यानं वारलूला कारण सांगितलं. तेल लावायचं बंद, बूट फळीवरच राहणार, घरी जाणार नाहीत. वारलू गालातल्या गालात हसला आणि म्हणाला, माही बायको तं माह्या चपलेकडं पाहात बी नाई. अमिनाला तिसरा जोड मिळाला. गुंता सुटला असं मला वाटलं. पण अमिनाचं तोंड उतरलेलंच.

"आता काय?"

"बोलत नाईत बाई. जेवतात थोडंसं. वाटी उपडी करून ठेवली. दिवसभर भिताडाकडं पाहात बसतात."

बायकोचे पाय वाचले आणि हा रुसून बसला. मला परत राग आला आणि या वेळी त्याचा उपयोग करायचं मी ठरवलं. शनिवारी मी चौघींचे बूट चांगले धुवून पोत्यात भरले, लोकेश साहेबाला विचारून, आणि रविवारी ऑटोत टाकून त्यांच्या ओसरीवर नेऊन ओतले.

"हे काय?" रहीमभाऊ म्हणाला.

"तेल लावायचं नाही. साबणही नाही. हे धुतलेलेच आहेत. तुम्ही फक्त तपासायचे. घडीवर वाकवायचे, भेग दिसते का पहायची. तळव्याच्या कडेला नख लावायचं. आत पाणी भरून वर्तमानपत्रावर ठेवायचे, कागद ओला झाला तर मला कळवायचं. दर रविवारी. मला डोळ्यांना दिसत नाही आणि या बायांना सांगून उपयोग नाही."

डोळ्यांचं मी खोटं बोलले. त्यानं ढिगातला अन्नपूर्णाचा एक उचलून गुडघ्यात दाबला. वाकवला. उजेडाकडे धरला. पुन्हा वाकवला. अंगठ्याच्या सांध्यावर केसाएवढी रेघ होती, मला सांगूनही दिसली नसती. अन्नपूर्णानं उन्हाळ्यात घरी टिनाच्या छपरावर बूट वाळवले होते हे तिनं नंतर कबूल केलं. उन्हानं रबर तडकतं ते असं.

"हे तं लहान हाय," तो म्हणाला. त्याचा हात सवयीनं बाजूच्या पेटीकडे गेला, जिच्यात ठिगळं, डिंक, दाभण होतं. आयुष्यात त्यानं शिवता येणारा जोडा टाकला नव्हता. हात पेटीवर थांबला. "तिथी ॲसिड असते ना बाई?"

"असतं."

"ठिगळाच्या कडेनं शिरन."

"शिरेल."

"मंग हे कोणी घालू नाई." त्यानं पेटीतून रापी काढली, चामडं कापायची त्याची जुनी रापी. बूट पायाखाली धरला आणि तोंडापासून अंगठ्यापर्यंत सरळ चिरला, म्हणजे कोणी लोभानं घरी नेऊन पुन्हा फळीवर आणून ठेवायला नको. दुसराही चिरला. मग हात थांबवून तो म्हणाला, "माह्या हातानं जोडा फाडला आज." अमिनानं त्याच्यापुढे चहा ठेवला आणि त्यानं तो पूर्ण प्यायला.

त्यानंतर दर रविवारी ते पोतं त्यांच्या ओसरीवर जाऊ लागलं. अमिनाचा तिसरा जोड वर्ष ओलांडून पुढे चालला. धुळकट, ओघळांचा, बाकीच्यांसारखाच दिसणारा. अन्नपूर्णानं राणीसाहेब म्हणायचं सोडलं.

हिवाळ्यात एकदा अमिना खिडकीशी उभी राहिली. मला वाटलं बूट गेले.

"काय हरवलं?"

"काई नाई. मोजे मागाले आली होती. सुती. असले तं."

"मोजे कशाला? दोन जोड दिलेत तुला."

ती खिडकीच्या कठड्याकडे बघत राहिली. पन्नाशीची बाई, कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"ती तेलाची बाटली हाय ना, ती त्यायनं टाकली नाई. एतवारी सांजच्याले माह्या पायाले लावतात. टाचेले. मी नको म्हणते तं आयकत नाईत. सोमवारी साबणानं धुते मी बाई, चांगलं धुते, तरी म्हटलं तुमच्या बुटाले आतमधून लागाले नको. म्हणून मोजे."

"आणि ते काय म्हणतात?"

"म्हणतात, घरात तेल पाजाले चामडं आता हेच उरलं."

मी उठले. कपाट उघडलं, सुती मोज्यांचे चार जोड काढले आणि जुने दाखव असं न म्हणता तिच्या हातात ठेवले.